छेदात बसलेला ऑक्सिजन

बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात ओझोन वायू साठवून ठेवता येत नाही. जिथे वापरायचा तिथेच, वापरायच्या वेळीच तो यंत्रात तयार करावा लागतो. कारण ओझोन टिकत नाही. कुणी हात न लावताही त्याचा हळूहळू ऑक्सिजन होत जातो. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत लिहिलेली असते:

2 O3 → 3 O2

ओझोनच्या दोन रेणूंपासून ऑक्सिजनचे तीन रेणू. समीकरण संतुलित आहे, हिशेब चुकत नाही. पण ही ओळ वाचून ओझोन किती वेगानं जाईल, हे सांगता येत नाही. एवढंच नव्हे, सांगायला गेलं तर हमखास चूक होते.

ओळीचा सरळ अर्थ घेतला, तर दोन ओझोन रेणू एकमेकांवर आदळतात आणि तिथल्या तिथे तीन ऑक्सिजन रेणू होतात. तसं असेल तर वेग फक्त ओझोनच्या प्रमाणावर, म्हणजे त्याच्या वर्गावर अवलंबून राहील. ओझोन दुप्पट केला की वेग चौपट. ऑक्सिजन हा तर या अभिक्रियेतून बाहेर पडणारा पदार्थ. तो आधीपासून भांड्यात कमी असो की जास्त, त्याचा वेगाशी संबंध असायचं कारण नाही.

प्रयोग वेगळंच सांगतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ यान यांनी १९०६ साली तापवलेल्या ओझोनच्या विघटनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भांड्यात भरपूर ऑक्सिजन असेल, तर वेग ओझोनच्या वर्गाप्रमाणे वाढतो खरा, पण ऑक्सिजनच्या प्रमाणात घटतो. ऑक्सिजन दुप्पट केला की ओझोनचं विघटन निम्म्या वेगानं होऊ लागतं. अभिक्रियेतून जे निर्माण होतं, तेच तिचा पाय मागे ओढतं.

हे कसं होतं, याचं उत्तर एका अशा कणात आहे, जो समीकरणाच्या डाव्या बाजूला नाही आणि उजव्या बाजूलाही नाही. तो कण म्हणजे ऑक्सिजनचा सुटा अणू.

ओझोनचं विघटन एका टप्प्यात होत नाही, दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात ओझोनचा एक रेणू आजूबाजूच्या कुठल्या तरी रेणूचा जोरदार धक्का खाऊन मोडतो. त्यातून एक ऑक्सिजन रेणू आणि एक सुटा ऑक्सिजन अणू निघतो. हा टप्पा उलटाही फिरतो: सुटा अणू ऑक्सिजन रेणूला भेटला की पुन्हा ओझोन होऊ शकतो. दुसऱ्या टप्प्यात हा अणू दुसऱ्या एका ओझोन रेणूला गाठतो आणि दोघांचे मिळून दोन ऑक्सिजन रेणू होतात. या वाटेवरून सहसा परत येणं नाही.

O3 ⇌ O2 + O
O + O3 → 2 O2

दोन्ही ओळींची बेरीज केली की सुटा अणू दोन्हीकडून कटतो आणि मूळची ओळ परत मिळते. असा मधेच जन्मणारा आणि मधेच संपणारा कण रसायनशास्त्रात मध्यस्थ म्हणून ओळखला जातो. पहिल्या टप्प्याच्या वेगाचा स्थिरांक k1, त्याच्या उलट टप्प्याचा k-1 आणि दुसऱ्या टप्प्याचा k2 म्हणू. चौकोनी कंसातलं नाव म्हणजे त्या पदार्थाचं प्रमाण, एका घन सेंटिमीटरमध्ये त्याचे किती कण आहेत ते.

आता प्रत्येक टप्प्याचा वेग सहज लिहिता येतो. दुसऱ्या टप्प्याचा वेग k2[O][O3]. पण इथेच गाडी अडते. ओझोन आणि ऑक्सिजन यांचं प्रमाण मोजता येतं. सुट्या अणूचं प्रमाण मात्र इतकं नगण्य असतं, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मोजण्याचं साधनच नव्हतं. ज्या सूत्रात न मोजता येणारी राशी आहे, ते प्रयोगाशी ताडून कसं पाहणार? म्हणून [O] काढून टाकायला हवा आणि त्याच्या जागी मोजता येणाऱ्या राशी आणायला हव्यात. हे काम करणाऱ्या युक्तीला स्थिर-अवस्थेचं गृहीतक म्हणतात. जर्मनीत माक्स बोडेनस्टाइन आणि इंग्लंडात डेव्हिड चॅपमन यांनी १९१३च्या सुमारास प्रकाशानं घडणाऱ्या अभिक्रियांचा हिशेब मांडताना ती वापरली.

कोकणातला एखादा अरुंद साकव डोळ्यांसमोर आणला, की तिचं मर्म कळतं. अलीकडच्या तीरावर मोठा जमाव आहे. एकेक माणूस साकवावर पाऊल टाकतो. काही जण मधूनच मागे फिरतात, काही पलीकडे जातात. साकवावर कुणी थांबत नाही, त्यामुळे दिवसभरात शेकडो माणसं त्यावरून गेली, तरी कुठल्याही क्षणी तिथे दोन-चारच दिसतात. दर मिनिटाला जेवढे साकवावर चढतात, जवळजवळ तेवढेच मागे किंवा पुढे उतरतात. साकवावरची माणसं न मोजताही हे विधान करता येतं. सुट्या अणूंबद्दल नेमकं हेच विधान केलं जातं: जितके निर्माण होतात, जवळजवळ तितकेच नाहीसे होतात.

अणू निर्माण होतात ते ओझोन मोडून, k1[O3] या वेगानं. नाहीसे होतात ते दोन वाटांनी: ऑक्सिजनला भेटून परत, किंवा ओझोनला गाठून पुढे. म्हणून

k1[O3] = k-1[O][O2] + k2[O][O3]

उजवीकडे दोन्ही पदांत [O] आहे. तो बाहेर काढला की मिळतं:

[O] = k1[O3] / (k-1[O2] + k2[O3])

न दिसणाऱ्या अणूचं प्रमाण आता फक्त मोजता येणाऱ्या राशींत लिहून झालं. पुढची पायरी म्हणजे ओझोन किती वेगानं घटतो ते काढणं, आणि विद्यार्थी इथे अनेकदा घसरतात. ओझोन दुसऱ्या टप्प्यात खर्च होतो, तसा पहिल्या टप्प्यातही होतो. उलट टप्प्यात मात्र तो परत मिळतो. पहिल्या टप्प्याचा निव्वळ खर्च म्हणजे मोडलेल्या रेणूंतून परत जुळलेले वजा. वरच्या समीकरणानुसार हा फरक बरोबर दुसऱ्या टप्प्याच्या वेगाइतकाच भरतो. म्हणजे सुटा अणू जेव्हा जेव्हा पुढच्या वाटेनं जातो, तेव्हा एकूण दोन ओझोन रेणू संपलेले असतात: एक त्याला जन्म देताना आणि एक त्याला संपवताना. म्हणून ओझोन घटण्याचा वेग 2k2[O][O3] इतका होतो. त्यात [O]ची किंमत घातली की वेग-नियम हाती येतो:

वेग = 2 k1 k2 [O3]^2 / (k-1[O2] + k2[O3])

यानच्या प्रयोगातला ऑक्सिजन इथे सापडला. तो छेदात बसला आहे. ऑक्सिजन वाढला की छेद मोठा होतो आणि वेग घटतो. कारणही उघड आहे: ऑक्सिजन जास्त असला, की सुट्या अणूला मागे ओढणारे हात जास्त होतात. तो पुढच्या ओझोनपर्यंत पोचायच्या आतच पुन्हा ओझोन होऊन बसतो.

छेदातली दोन पदं म्हणजे अणूच्या दोन वाटा. त्यांतली कुठली मोठी, यावर सगळं ठरतं. ऑक्सिजनचं पद फार मोठं असेल, तर दुसरं पद सोडून देता येतं. मग वेग ओझोनच्या वर्गाला ऑक्सिजननं भागल्यासारखा होतो. यानला दिसलं ते हेच. याउलट भांड्यात जवळजवळ शुद्ध ओझोन असेल, तर सुटलेला प्रत्येक अणू पुढेच जातो. तेव्हा अंशातला एक [O3] छेदातल्या [O3]शी कटतो आणि वेग उरतो फक्त 2k1[O3]. अभिक्रिया तीच, टप्पे तेच, पण कधी ती दुसऱ्या कोटीची वाटते, कधी पहिल्या. अभिक्रियेची कोटी समीकरणातल्या आकड्यांवरून वाचू नये, असं शिक्षक बजावतात, ते यासाठी.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ऑक्सिजनवर चालणाऱ्या ओझोन-यंत्रातून बाहेर पडणाऱ्या वायूत ओझोन थोडा आणि ऑक्सिजन पुष्कळ असतो. दर शंभर रेणूंत ५ ओझोनचे आणि ९५ ऑक्सिजनचे आहेत, दाब एक वातावरण आहे आणि वायू १०० अंश सेल्सिअसला तापवला आहे, असं धरू. वेगांचे स्थिरांक आज स्वतंत्र प्रयोगांतून ठाऊक आहेत. या तापमानाला आणि दाबाला सुटा अणू आणि एक ऑक्सिजन रेणू यांची जोडी जितक्या सहज जुळते, त्याच्या साडेचार पट सहज सुटा अणू आणि एक ओझोन रेणू यांची अभिक्रिया होते. पण ऑक्सिजनचे रेणू ओझोनच्या एकोणीस पट आहेत. एकोणीसला साडेचारनं भागलं की साधारण चार उरतात. म्हणजे सुटलेल्या पाच अणूंपैकी चार मागे फिरतात आणि एक पुढे जातो.

हेच मिश्रण २५ अंशांवर ठेवलं तर चित्र पालटतं. थंडीत पुढची वाट जड होते आणि मागची वाट उलट थोडी सोपी होते. साधारण सदतीस अणूंतला एकच पुढे जातो. शिवाय मुळात ओझोन मोडून अणू सुटण्याचं प्रमाणच १०० अंशांच्या मानानं दोन हजार पटींनी घटतं. म्हणून थंड, कोरडा, स्वच्छ ओझोन केवळ या वाटेनं फार सावकाश जातो, आणि तापवला की भराभर.

स्थिर-अवस्थेचं गृहीतक इथे खरं मानायचं का, हेही याच आकड्यांतून तपासता येतं. १०० अंशांवर सुटलेला अणू सरासरी सुमारे सहा मायक्रोसेकंद जगतो. सेकंदाच्या दहा लाख भागांतले सहा. निम्मा ओझोन संपायला मात्र साधारण एक तास लागतो. दोन काळांमध्ये कित्येक कोटी पटींचं अंतर आहे. ओझोन इतका सावकाश बदलतो, की अणूंची निर्मिती आणि नाश यांचा ताळमेळ क्षणोक्षणी बसत राहतो. कुठल्याही क्षणी एक अब्ज ओझोन रेणूंमागे जेमतेम पाच सुटे अणू असतात. गृहीतक लागू होण्याची अट हीच: मध्यस्थ लवकर संपणारा हवा आणि म्हणून कायम नगण्य हवा. वायू तापवल्यानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत ही अट पाळली जात नाही, कारण साकव अजून भरायचा असतो. तेवढ्या काळापुरतं वरचं सूत्र चुकतं. तासाभराच्या हिशेबात ती चूक दिसतही नाही.

‘स्थिर’ या शब्दानं मात्र फसू नये. सुट्या अणूंचं प्रमाण अभिक्रियाभर एकच राहतं, असा त्याचा अर्थ नाही. ओझोन संपत जातो तसे अणूही कमी होत जातात. [O]च्या सूत्रात [O3] बसलेला आहेच. अर्थ एवढाच, की अणूंच्या संख्येतला बदल हा त्यांच्या निर्मितीच्या आणि नाशाच्या वेगापुढे नगण्य आहे. त्याचप्रमाणे स्थिर अवस्था म्हणजे समतोलही नव्हे. समतोलात जितके अणू सुटतात तितके सगळे मागे फिरतात आणि पुढे कुणीच जात नाही. आपल्या उदाहरणात पाचातला एक पुढे जातो. तिथे पहिला टप्पा समतोलात आहे असं मानून हिशेब केला, तर वेग खऱ्यापेक्षा जवळजवळ एक चतुर्थांशानं जास्त निघेल. २५ अंशांवर हीच चूक तीन टक्क्यांच्या आत राहील. म्हणजे समतोलाचं सोपं गृहीतक कुठे चालतं आणि कुठे नाही, हेदेखील छेदातली दोन पदं तुलना करून सांगतात.

या सूत्रात कारखानदाराच्या कामाची एक गोष्ट दडलेली आहे. ओझोन फुफ्फुसांना घातक असल्यानं वापरून उरलेला वायू हवेत सोडण्याआधी नष्ट करावा लागतो. तापवून नष्ट करायचा, तर पहिला मोठा हिस्सा तुलनेनं लवकर जातो, शेवटचा अंश मात्र चिवटपणे मागे राहतो. १०० अंशांवरच ओझोन ५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आला असं धरा. ओझोन दहा पट कमी झाला. पण आता पाचातला एक नव्हे, साधारण पंचेचाळिसातला एकच अणू पुढे जातो, कारण गाठायला ओझोन उरलेला नाही आणि मागे ओढायला ऑक्सिजन हजर आहे. दोन्ही गोष्टी मिळून विघटनाचा वेग दहा पट नव्हे, जवळजवळ नव्वद पट घटतो. ओझोन नष्ट करणाऱ्या तापयंत्रांत वायू १०० अंशांवर नव्हे, ३०० अंशांच्या वर नेतात. जिथे एवढं तापवणं नको असतं, तिथे मँगनीज डायऑक्साइडसारखा उत्प्रेरक वापरून ओझोनला वेगळीच वाट काढून देतात.

वाचकाला एक शंका येईल. पहिल्या टप्प्यात ओझोनला धक्का देणारा रेणू सूत्रात कुठे गेला? तो आहे. दोन कणांची जोडी जुळताना जास्तीची ऊर्जा काढून घ्यायलाही असाच तिसरा रेणू जवळ लागतो, नाहीतर नवा ओझोन जन्मतःच पुन्हा फुटतो. दाब ठरलेला असेल तेव्हा या तिसऱ्या रेणूचं प्रमाणही ठरलेलं असतं, म्हणून ते k1 आणि k-1 यांच्या किमतींतच सामावून घेतलं आहे. दाब बदलला तर या दोन किमती बदलाव्या लागतात. ऑक्सिजनचं पद फार मोठं असेल, तेव्हा मात्र तिसरा रेणू अंशातून आणि छेदातून सारखाच कटतो. म्हणून यानच्या साध्या सूत्रात त्याची उणीव जाणवली नाही.

आता प्रश्न उरतो तो पडताळ्याचा. दोन टप्प्यांची ही कथा खरी कशावरून? सूत्र थोडं फिरवून लिहिलं की एक सोपी कसोटी मिळते:

[O3] / वेग = 1/(2 k1) + (k-1 / (2 k1 k2)) × [O2]/[O3]

वेगवेगळ्या मिश्रणांत वेग मोजायचा. दाब आणि तापमान एकच ठेवायचं. मग डाव्या बाजूची राशी उभ्या अक्षावर आणि ऑक्सिजन भागिले ओझोन हे गुणोत्तर आडव्या अक्षावर घेऊन बिंदू मांडायचे. कथा खरी असेल तर ते एका सरळ रेषेत आले पाहिजेत. रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तिथून k1 मिळतो, आणि रेषेच्या चढावरून k-1 व k2 यांचं गुणोत्तर.

बिंदू रेषेवरून ढळले, तर बहुतेक वेळा दोष भांड्याचा असतो. ओझोन काचेच्या भिंतीवर, धुळीवर, धातूच्या कणांवरही मोडतो आणि ती वाट या सूत्रात नाही. ती ओळखायची जुनी आणि खात्रीची रीत अशी: त्याच भांड्यात काचेचे मणी भरायचे. वायू तोच राहतो, पण पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. तेवढ्यानं वेग वाढला, तर भिंतीचा हात आहे हे सिद्ध झालं. खोलीच्या तापमानाला ओझोन हिशेबापेक्षा खूप लवकर गेलेला दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

अशीच कमतरता वातावरणाच्या हिशेबातही उघडी पडली. सिडनी चॅपमन यांनी १९३० साली उंचावरच्या ओझोनथराचा सिद्धांत मांडला. तिथे ओझोनला मोडतो तो सूर्याचा अतिनील प्रकाश. पण सुट्या अणूच्या दोन वाटा याच, आणि हिशेबही स्थिर अवस्थेचाच. पुढे मोजमापं अचूक झाली, तेव्हा या हिशेबातून येणारा ओझोन प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतो असं दिसलं. गणितात चूक नव्हती. यादीत टप्पे कमी होते. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि क्लोरीन ओझोनला आणखी वाटांनी संपवतात. त्या वाटा शोधणाऱ्या पॉल क्रुट्झन, मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांना १९९५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. स्थिर-अवस्थेचं गृहीतक आपण लिहून दिलेल्या टप्प्यांचाच हिशेब करतं; न लिहिलेला टप्पा ते शोधून देत नाही.

तापवलेल्या ओझोनच्या बाबतीत मात्र दोन टप्प्यांची यादी पुरेशी ठरली. अमेरिकेतले सिडनी बेन्सन आणि आर्थर ॲक्सवर्दी यांनी १९५७ साली जुनी-नवी मोजमापं एकत्र तपासून दाखवलं, की वायूतलं विघटन याच दोन टप्प्यांनी समजावता येतं. त्यानंतर सुटा अणूही लपून राहिला नाही. प्रकाशाच्या एका झोतानं ऑक्सिजनचे अणू मोकळे करायचे आणि ते सुमारे १३० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषून पुन्हा फेकतात, त्यावरून ते किती भराभर संपतात हे थेट मोजायचं, अशी रीत प्रयोगशाळांत रुळली. k2ची आज वापरली जाणारी किंमत अशा थेट मोजमापांवर आधारलेली आहे, आणि वरच्या उदाहरणातला ‘पाचातला एक’ हा आकडा तिच्यावरूनच काढलेला आहे.